दुकानावरची पाटी मराठीत झाली, मोबाईलवरच्या पाटीचं काय?

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

दुकानाच्या पाटीवरून आपण केवढं भांडलो ते आठवतंय ना? २०२२ साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली. नाव देवनागरीत आधी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको. काही व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली आणि विषय संपवला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता तीच दुकानं, हॉटेलं, कृषी पर्यटन केंद्रं, द्राक्ष बागा मोबाईलवर उघडून बघा. सगळा मजकूर इंग्रजीत. 'वेलकम', 'अबाउट अस', 'अवर व्हिजन'. मराठी कुठं? वरती एका चित्रात, तुताऱ्या आणि तोरणासकट, 'आपले सहर्ष स्वागत आहे'. झालं मराठीपण. बरं, ते इंग्रजी तरी असं असावं की बाहेरच्या माणसाला काही कळेल? तेही नाही. नारायणगाव नक्की कुठं आहे, पुण्याहून कसं यायचं, जेवणात काय मिळतं, पैसे परत मिळतात का, यातलं काहीच त्यात नसतं. म्हणजे मराठी माणसाला आपण सापडत नाही आणि इंग्रजी वाचणाऱ्याला समजत नाही. मग दोघंही कुठल्यातरी मधल्या बुकिंगवाल्याच्या साईटवरून येतात आणि तो त्याचं कमिशन कापून घेतो. जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर होऊन इतकी वर्षं झाली, २०१८ ची गोष्ट ती. पर्यटक येतायत, पण त्यांच्या पैशातला वाटा कुठं जातोय ते बघा.

यावर मला तीन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. तिन्ही चुकीची आहेत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर : "मराठीत कोण शोधतंय?"

शोधतात. माईकचं बटण दाबून 'ओझरजवळ राहायची सोय' असं बोलणारे काका-काकू रोज बघतो मी. त्यांना तुम्ही सापडत नाही, कारण तुमचं मराठी हे मजकूर नाहीच, ते चित्र आहे. आणि ते चित्र का आहे, हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी डीटीपीवाला आहे.

छापखान्यात वर्षानुवर्षं जे जुने मराठी फॉन्ट चालले, त्यांत युक्ती अशी होती की आतमध्ये साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला. तो फॉन्ट असलेल्या मशीनवर 'नारायणगाव' दिसतं. तोच मजकूर वेबसाईटवर चिकटवला की मुखवटा गळतो आणि खालची वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मग वेबसाईटवाला पोरगा म्हणतो, "काका, जेपीजी पाठवा." गेला जेपीजी. माणसाला मराठी दिसतं, पण गुगलला नुसतं चित्र दिसतं. चित्रात लिहिलेलं गाव, दर, पत्ता हे पानावरच्या मजकुरासारखं शोधात धरलं जात नाही. आंधळ्या माणसाचा फोन ते मजकुरासारखं नीट वाचून दाखवेल याची खात्री नाही. कुणाला तो पत्ता कॉपी करून ड्रायव्हरला पाठवायचा असेल तर तेही सरळ जमत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आज प्रत्येक स्वस्तातल्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. मराठी टाईप होत नाही ही सबब आता चालणार नाही.

ओळखायचं कसं? तुमच्या साईटवरच्या मराठी शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जाऊन कॉपी करायचा पर्याय आला तर तो मजकूर. अख्खं चित्रच सेव्ह करायचा पर्याय आला तर तुमचं मराठी हे भिंतीवरचं कॅलेंडर आहे.

दुसरं उत्तर : "गुगल करतंच की भाषांतर."

हे म्हणणाऱ्यांनी साईटच्या कोपऱ्यात एक भाषांतराचं बटण लावलेलं असतं. त्यातली पहिली गोष्ट समजून घ्या. बटण दाबल्यावर दिसणारं मराठी हे त्या क्षणी, त्या माणसाच्या फोनवर तयार होतं. साध्या बटणानं झालेल्या त्या मराठीला स्वतःचा पत्ता नसतो. पत्ता नाही म्हणजे गुगलच्या नोंदीत ते पान नाही. म्हणजे जो माणूस आधीच तुमच्या साईटवर पोचलाय त्यालाच त्याचा उपयोग. जो मराठीत शोधतोय, त्याच्यासाठी तुम्ही नाहीच.

दुसरी गोष्ट मजकुराची. आपल्या जुन्नर-आंबेगावची मासवडी घ्या. आपल्याला सांगावं लागत नाही की त्यात मासा नाही, ती बेसनाची वडी आहे, आत तीळ, खोबरं, लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा. पण इंग्रजी पानावर नुसतं Masvadi लिहून सोडलं तर परक्या माणसाला काही कळत नाही, आणि शब्दाची फोड करून भाषांतर केलं तर सरळ मासे पानात येतात. शाकाहारी कुटुंब तिथंच पान बंद करणार. उलट मराठी पानावर 'बेसनापासून बनवलेला एक पारंपरिक पदार्थ' असं लिहिलंत तर जुन्नरचा माणूस तुम्हाला हसेल. त्याला एवढंच विचारायचंय की मासवडी रोज असते की आधी सांगावं लागतं, आणि ताट किती रुपयांना.

मुद्दा हा आहे, मंडळी. दोन भाषा म्हणजे एकच मजकूर दोनदा लिहिणं नव्हे. समोर दोन वेगळी माणसं बसलेली आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. भाषांतराचं बटण शब्द बदलतं. प्रश्न बदलत नाही.

तिसरं उत्तर दुसऱ्या टोकाचं : "आपलं गिऱ्हाईक मराठी, इंग्रजी कशाला?"

हे ऐकलं की मला आपला तमाशाच आठवतो. नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. पाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपाऱ्या ठरतात. हा सगळा व्यवहार मराठी, मान्य. पण महोत्सव भरवणारे, माहितीपट काढणारे, विद्यापीठातले अभ्यासक इंग्रजीत शोधतात. ते Tamasha टाकतात आणि त्यांच्यासमोर २०१५ सालचा रणबीर-दीपिकाचा हिंदी सिनेमा येतो. नाहीतर तमाशा म्हणजे गोंधळ, भांडण, हा त्या शब्दाचा इंग्रजी वर्तमानपत्री अर्थ. फडाच्या इंग्रजी पानावर पहिल्याच ओळीत 'महाराष्ट्रातलं मराठी लोकनाट्य, ढोलकी फडाचा तमाशा, मुक्काम नारायणगाव, जिल्हा पुणे' हे इंग्रजीत सरळ लिहिलेलं नसेल तर परका माणूस तुमच्यापर्यंत येणार तरी कसा? आणि 'सुपारी' हा शब्द तसाच इंग्रजीत नेला तर काय अर्थ निघतो ते तुम्हीच विचार करा. एक अर्थ पानाच्या ठेल्यावरचा, दुसरा पोलिस स्टेशनमधला.

नावाचंही तेच. विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. मराठीत नाव एकच : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. रोमन लिपीत मात्र कुठं Narayangaonkar, कुठं Narayangavkar. एवढ्या मोठ्या नावाला गुगल सांभाळून घेतं. तुमच्या-माझ्या नावाला घेणार नाही. तुमच्या बोर्डावर एक स्पेलिंग, फेसबुकवर दुसरं, नकाशावर तिसरं असेल तर तुम्ही तीन वेगळी माणसं झालात. एकाची दाद, दुसऱ्याचा फोन नंबर, तिसऱ्याचे फोटो. एक स्पेलिंग ठरवा आणि मरेपर्यंत तेच वापरा. गावाचं Narayangaon हेच घ्या, कारण नकाशावर तेच आहे. मराठीतही तेच पाळा. जुन्या पाट्यांवर 'नारायणगांव' असा अनुस्वार आहे, तो आता सोडा.

बरं, नुसतं भांडून उपयोग नाही. करायचं कसं ते सांगतो.

आपल्याच भागातलं एक कृषी पर्यटन केंद्र आहे. नाव सांगत नाही. मालकांनी एका एजन्सीकडून साईट करून घेतली होती. पूर्ण इंग्रजी, वर मराठीचं एक चित्र, आणि एक 'हुशारी' : फोनची भाषा बघून साईट आपोआप भाषा बदलणार. ऐकायला भारी. पण आपल्याकडं घरात सगळे मराठी बोलतात आणि फोन मात्र इंग्रजीत ठेवतात. मग आजोबांनाही इंग्रजीच दिसणार. आणि गुगलचा जो यंत्र-वाचक पानं वाचत फिरतो, तो भाषेची पसंती कळवतच नाही, त्यामुळं त्याला नेहमी इंग्रजीच मिळालं. मराठी पानं होती, पण ती गुगलनं कधी पाहिलीच नाहीत.

आम्ही आधी ती आपोआप बदलणारी भानगड काढून टाकली. मग प्रत्येक पानाचे दोन कायमचे पत्ते केले, एक /mr/ खाली, एक /en/ खाली. प्रत्येक पानावर वरच्या बाजूला दुसऱ्या भाषेची साधी लिंक, तिच्यावर 'मराठी' आणि 'English' एवढंच लिहिलेलं. झेंडे नकोत, झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही. आणि लिंक त्याच विषयाच्या पानावर गेली पाहिजे. जेवणाच्या पानावरून भाषा बदलली की मुखपृष्ठावर आदळतो, असं झालं की माणूस वैतागून निघून जातो.

मग पानाच्या डोक्यात दोन ओळी घातल्या, ज्या माणसाला दिसत नाहीत पण गुगलला सांगतात की ही दोन पानं एकमेकांची जोडी आहेत :

```
<link rel="alternate" hreflang="mr" href="https://example.com/mr/jevan/">
<link rel="alternate" hreflang="en" href="https://example.com/en/food/">
```

या दोन्ही ओळी दोन्ही पानांवर हव्यात. एकाच पानावर टाकल्या तर गुगल ती जोडी मानत नाही. बरेच वेबसाईटवाले इथंच चुकतात, म्हणून तुम्ही स्वतः विचारा. शिवाय मराठी पानाच्या सुरुवातीला `<html lang="mr">` असं पाहिजे. पान कुठल्या भाषेतलं हे गुगल मजकुरावरून ठरवतं, पण अंधांसाठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कुठल्या भाषेत वाचायचं हे यावरून ठरवतं. काही चांगल्या फॉन्टमध्ये यामुळं 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे दिसतात. छोटी गोष्ट आहे, पण आपली आहे.

आता मजकूर. मराठी पानाचं शीर्षक आम्ही ठेवलं : 'नारायणगावजवळ मुक्काम आणि जेवण, ओझर-लेण्याद्री दर्शनासाठी'. कारण मराठी कुटुंब अष्टविनायकासाठी येतं आणि 'मुक्काम' शोधतं. 'कृषी पर्यटन' हा सरकारी शब्द खाली एकदा घेतला. त्या पानावर उत्तरं कशाची? मोठी बस आत वळते का. संकष्टीला उपवासाचं मिळतं का. लहान मुलांचे किती. आगाऊ किती द्यायचे आणि बेत रद्द झाला तर परत किती मिळतात.

इंग्रजी पानाचं शीर्षक : Farm stay near Narayangaon, Junnar, on the Pune–Nashik highway. त्यात सगळ्यात आधी कुठं आहे ते. पुण्याहून साधारण ७५ किलोमीटर. बायपासनं सरळ गेलात तर गाव मागं राहतं, म्हणून कुठं आत वळायचं ते. आणि ओझरचा एक मोठा घोळ. आपण 'ओझरचा विघ्नहर' म्हटलं की विषय संपला. पण इंग्रजीत Ozar शोधलं की नाशिकजवळचं विमानतळवालं ओझरही समोर येतं. परका माणूस तिकडंच जायचा. म्हणून इंग्रजीत प्रत्येक वेळी 'जुन्नर तालुका, पुणे जिल्हा' हे जोडलं. मराठीत त्याची गरज नव्हती. मासवडीला दोन ओळी, हुरड्याला दोन ओळी. हुरडा म्हणजे कोवळी भाजलेली ज्वारी आणि ती थंडीतच मिळते, हे परक्याला सांगितलं नाही तर तो मे महिन्यात येऊन मागतो.

नकाशावरच्या गुगलच्या नोंदीत मात्र दोन भाषांसाठी दोन नोंदी करू नका. एका ठिकाणाची एकच नोंद, हा नियम आहे. नाव जसं बोर्डावर आहे तसंच. नावात 'बेस्ट फॅमिली स्टे नारायणगाव जुन्नर' असली शेपटी लावलीत तर नोंद बंद पडू शकते. दोन्ही भाषांची जागा माहितीच्या रकान्यात आहे, तिथं ७५० अक्षरं मिळतात : चार ओळी मराठीत, चार इंग्रजीत. २०२१ पासून गुगल नकाशावरची आपली रोमन नावं आपोआप देवनागरीत उतरवतं, आणि त्यात कधीकधी नावाचा पार चोळामोळा होतो. एकदा फोनची भाषा मराठी करून स्वतःचं नाव बघा. चुकलं असेल तर तिथूनच दुरुस्ती सुचवा.

हे सगळं झाल्यावर तपासायचं असं : गुगलमध्ये `site:` लिहून पुढं तुमचा पत्ता आणि एक मराठी शब्द टाका, जसं `site:example.com मुक्काम`. नवीन पानांना काही आठवडे लागू शकतात. त्यानंतरही काहीच आलं नाही तर तुमचं मराठी पान बहुधा गुगलपर्यंत पोचलेलं नाही, मग वेबसाईटवाला काहीही सांगो.

आता खरी अडचण, जी कुणी सांगत नाही. दोन भाषांची साईट करणं अवघड नाही, ती सांभाळणं अवघड आहे. दिवाळीत मालकांनी मराठी पानावर दर वाढवला आणि इंग्रजीवर जुनाच राहिला, की एक गिऱ्हाईक दारात उभं राहून मोबाईल दाखवत भांडणार, आणि त्याचं बरोबर असणार. म्हणून वीस पानं करू नका. दोन्ही भाषांत पाचच गोष्टी ठेवा : नाव, काय मिळतं, कसं यायचं, दर, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी. दराच्या खाली तारीख. एका भाषेत बदल केला की त्याच दिवशी दुसऱ्या भाषेत. बाकीच्या गोष्टी, तुमचं 'व्हिजन' वगैरे, एका भाषेत असल्या काय किंवा कुठंच नसल्या काय, कुणाचं काही अडत नाही.

आणि ज्यांना वाटतं की मराठी पान म्हणजे फक्त अस्मितेचा विषय, त्यांना एकच सांगतो. पैसे परत मिळण्याच्या अटी फक्त इंग्रजीत ठेवून मराठी माणसाकडून आगाऊ रक्कम घेणं हा अस्मितेचा प्रश्न नाही, तो व्यवहारातल्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. त्या काकूंनी अट वाचली नाही असं तुम्ही उद्या म्हणाल. तुम्ही ती त्यांना वाचता येईल अशी लिहिली होती का?

पाटीसाठी कोर्टाचा आदेश लागला. यासाठी कुठला आदेश येणार नाही, आणि यायची वाट बघू नका. आज रात्री जेवण झाल्यावर स्वतःच्याच साईटवर बोट दाबून बघा. चित्र निघालं तर उद्या सकाळी वेबसाईटवाल्याला फोन करा. आणि नाहीच पटलं तर या भांडायला, दुकान उघडंच आहे.